उपजायते, सञ्जायते, अभिजायते : उपसर्गाचा अर्थ कधी लिहायचा आणि कधी नाही

प्रश्न : आमच्या वाचनगटासाठी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ‘ध्यायतो विषयान्पुंसः’ या दोन श्लोकांचा पदार्थ, म्हणजे एकेका पदाचा अर्थ, मराठीत लिहिते आहे. पहिल्याच श्लोकात उपजायते, सञ्जायते, अभिजायते अशी तीन रूपं आली. तिन्हींना ‘उत्पन्न होतो’ लिहिलं तर उपसर्ग वाया गेले असं वाटतं. शाळेतल्या यादीप्रमाणे उप म्हणजे जवळ, सम् म्हणजे चांगलं, अभि म्हणजे समोर असं घातलं तर ‘क्रोध समोर जन्मतो’ असलं काहीतरी विचित्र होतं. उपसर्गाचा अर्थ कधी लिहायचा आणि कधी सोडायचा, हे कसं ठरवता?

उत्तर :

आधी श्लोक समोर ठेवू.

ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते ।
सङ्गात्सञ्जायते कामः कामात्क्रोधोऽभिजायते ॥ (२.६२)

क्रोधाद्भवति सम्मोहः सम्मोहात्स्मृतिविभ्रमः ।
स्मृतिभ्रंशाद्बुद्धिनाशो बुद्धिनाशात्प्रणश्यति ॥ (२.६३)

या श्लोकात तिन्ही क्रियापदांना ‘उत्पन्न होतो’ लिहा, बिनधास्त. उपसर्ग वाया जात नाहीत. ते इथे जे काम करतात ते पदार्थाच्या ओळीत दाखवण्यासारखं नाही, इतकंच. हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो, कारण याच अध्यायात तीन श्लोक पुढे गेलात की उपसर्ग सोडला तर चूक ठरेल अशी जागा येते.

व्याकरणाच्या वर्गात दोन कारिका पाठ करून घेतात. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥’ ही सगळ्यांना येते. दुसरी कमी जणांना येते, पण कामाची तीच : ‘धात्वर्थं बाधते कश्चित् कश्चित् तमनुवर्तते । तमेव विशिनष्ट्यन्य उपसर्गगतिस्त्रिधा ॥’ कोणी उपसर्ग धातूचा अर्थ मोडून टाकतो, कोणी धातूच्या मागे नुसता चालतो, कोणी त्याच अर्थाला धार देतो. पहिल्या कारिकेने आपल्याला अशी सवय लावली की उपसर्ग दिसला म्हणजे अर्थ वळलाच पाहिजे. हृ धातूची पाच रूपं एका ओळीत बघितली की तसं वाटणारच. दुसरी कारिका सांगते की ‘अनुवर्तते’ हाही रीतसर प्रकार आहे. जन् धातूचे इथले तिन्ही उपसर्ग त्यातलेच.

यास्काच्या निरुक्तातही हा वाद आहे. शाकटायनाचं म्हणणं, उपसर्ग सुटे काढले तर निश्चित अर्थ सांगत नाहीत, नामाच्या किंवा आख्याताच्या जोडीने ते अर्थ उजळवतात. गार्ग्याचं म्हणणं, त्यांना स्वतःचे निरनिराळे अर्थ असतात. शाळेची यादी गार्ग्याच्या बाजूची. पदार्थ लिहायला बसताना मी शाकटायनाच्या बाजूला असतो. म्हणजे ‘उप + जायते’ अशी फोड कंसात दाखवतो, पण अर्थ जोडीचा एकच लिहितो.

आता पुरावा. मी पहिल्यांदा बघतो की याच ग्रंथकाराने तेच रूप आणखी कुठे वापरलं आहे. ‘उपजायते’ तीन श्लोक पुढे पुन्हा येतं : ‘प्रसादे सर्वदुःखानां हानिरस्योपजायते’ (२.६५). दुःखांची हानी होते, म्हणजे दुःखं नाहीशी होतात. इथे ‘हानी जवळ जन्मते’ याला काही अर्थ नाही. चौदाव्या अध्यायात ‘सर्वद्वारेषु देहेऽस्मिन्प्रकाश उपजायते’ आहे आणि ‘सर्गेऽपि नोपजायन्ते’ही आहे. ‘सृष्टीच्या आरंभीही ते जन्मत नाहीत’ यात ‘जवळ’ कुठे बसवणार?

‘अभिजायते’चं तसंच. तरुणपणी शिकवताना मी फळ्यावर लिहिलं होतं की अभि म्हणजे समोर, अंगावर. म्हणून क्रोध माणसाच्या अंगावर चालून येतो. वर्गाला ते फार आवडलं. मागच्या बाकावर माझे वयोवृद्ध गुरुजी येऊन बसले होते. तास संपल्यावर ते एवढंच म्हणाले, “मग सहाव्या अध्यायातला योगभ्रष्ट श्रीमंतांच्या घरी अंगावर चालून येतो का रे?” सहाव्यातली ओळ अशी : ‘शुचीनां श्रीमतां गेहे योगभ्रष्टोऽभिजायते’ (६.४१). तो बिचारा नुसता जन्म घेतो. तेराव्यात ‘न स भूयोऽभिजायते’, तो पुन्हा जन्मत नाही. तीन ठिकाणी एकच रूप, आणि तिन्हीकडे चालेल असा अर्थ ‘जन्मणे’ हाच.

पुढची गोष्ट छंदाची. पदार्थ लिहिणारे बहुतेक जण ती बघत नाहीत आणि तिथेच फसतात. हा अनुष्टुभ् आहे, आठ अक्षरांचा चरण. पाचवं अक्षर लघु, सहावं गुरू, आणि सातवं सम चरणात लघु, विषम चरणात गुरू. ‘जायते’ हे गुरू-लघु-गुरू. सम चरणाच्या शेवटी ते ठेवलं की सहावं, सातवं, आठवं अक्षर आपोआप जुळतं. मग त्याच्या आधीचं पाचवं अक्षर लघुच लागतं. ‘उप’चा प लघु, ‘अभि’चा भि लघु. ‘सम्’ मात्र जायतेच्या आधी आला की ‘सञ्’ होऊन गुरू होतो. ‘कामात्क्रोधः सञ्जायते’ म्हणून बघा, पाचव्या अक्षरावर ठेच लागेल. म्हणून चरणाच्या शेवटी सञ्जायते नको.

मग ते कुठे येतं? ‘सङ्गात्सञ्जायते कामः’, ‘सत्त्वात्सञ्जायते ज्ञानम्’ (१४.१७), ‘यावत्सञ्जायते किञ्चित्’ (१३.२६). तीन ठिकाणी विषम चरण, तीनही ठिकाणी तिसऱ्या ते सहाव्या अक्षराची तीच जागा, आणि आधी दोन अक्षरी पद. साचा एकच आहे, त्यात शब्द बदलत गेले.

उप की अभि, हेसुद्धा बऱ्याच अंशी संधीवर ठरलेलं दिसतं. क्रोधोऽभिजायते, योगभ्रष्टोऽभिजायते, भूयोऽभिजायते. तिन्हीकडे आधीचं पद ‘ओ’ने संपतं आणि ‘अभि’चा अ त्यात गिळला जातो, एक अक्षर वाचतं. तिथे उप घातला तर विसर्ग लोपून ‘क्रोध उपजायते’ होईल आणि चरणात नऊ अक्षरं भरतील. उलट तेषूपजायते, अस्योपजायते, नोपजायन्ते यांत उप आधीच्या स्वरात मिसळून बसला आहे. हे वहीत एकाखाली एक लिहून काढलं तेव्हा गुरुजींच्या त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मला मिळालं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. छंदाने उपसर्ग निवडला असं दाखवता आलं म्हणजे कवीच्या मनात काहीच नव्हतं असं सिद्ध होत नाही. ‘सङ्गस्तेष्वभिजायते’ हेही आठ अक्षरांत बसलं असतं, तरी तिथे ‘उप’ आहे. तेव्हा तुम्हाला ‘संग त्या विषयांना चिकटून जन्मतो’ असं सांगावंसं वाटलं तर प्रवचनात जरूर सांगा. पण ते व्याख्यान झालं. पदार्थाच्या ओळीत ते लिहिलं की वाचणारा त्याला शब्दाचा अर्थ समजतो, आणि २.६५ वर आला की अडकतो. या श्लोकावर ‘उप म्हणजे हळूच जवळ, सम् म्हणजे पूर्ण, अभि म्हणजे हल्ला’ अशी चढती पायरी सांगणारे पुष्कळ भेटतील. श्लोकात चढण आहेच, पण ती संग, काम, क्रोध या नामांत आणि पंचमीच्या साखळीत आहे. उपसर्ग काढून टाकले तरी ती राहते.

शंकराचार्यांचं भाष्य उघडून बघा, त्यांनी नेमकं हेच केलं आहे. उपजायते याला ते ‘उत्पद्यते’ लिहितात. सञ्जायते याला ‘समुत्पद्यते’. अभिजायते याला काहीच लिहीत नाहीत, तसंच ठेवतात. पण ‘कामात्’ या साध्या पंचमीपाशी ते दोन शब्द घालतात : ‘कुतश्चित् प्रतिहतात्’. कुठेतरी अडलेल्या कामापासून क्रोध होतो. अर्थाची खरी फट तिथे होती, कारण प्रत्येक इच्छेतून राग येत नाही, अडलेल्या इच्छेतून येतो. भाष्यकाराने शब्द कुठे खर्च केले आणि कुठे वाचवले, हे बघायला शिकलात की अर्धं काम झालं.

जाता जाता एक गंमत. मराठीत ‘उपजणे’ आहे, म्हणून ‘उपजायते = उपजतो’ लिहायचा मोह होतो. अर्थ बरोबर येतो, पण ‘उपजणे’ हे उप + जन् मधून आलेलं नाही. ते उत्पद्यते, प्राकृतात उप्पज्जइ, मग उपजे असं आलं आहे. म्हणजे नकळत तुम्ही आचार्यांचाच शब्द लिहिता. तेव्हा लिहायला हरकत नाही, फक्त ‘बघा, मराठीत उपसर्गासकट उतरला’ असं गटात सांगू नका.

मग उपसर्ग खरंच काम करतो हे कशावरून ओळखायचं? मी वाक्यातली विभक्ती बघतो. यादी पाठ करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. तेच अभि + जन् सोळाव्या अध्यायात येतं : ‘भवन्ति सम्पदं दैवीमभिजातस्य भारत’ (१६.३). जन् अकर्मक. जन्मणाऱ्याला कर्म नसतं. मग ‘सम्पदं दैवीम्’ ही द्वितीया कोणामुळे? ती अभिमुळे आली आहे. आचार्य इथे गप्प बसत नाहीत, ‘अभिलक्ष्य जातस्य’ असा अर्थ देतात. दैवी संपत्तीकडे रोख ठेवून जन्मलेल्याचे हे गुण. इथे ‘जन्मलेल्याचे’ एवढंच लिहिलं तर द्वितीया लोंबकळत राहील. दुसऱ्या अध्यायातल्या ‘क्रोधोऽभिजायते’जवळ अशी कुठलीही द्वितीया नाही. धातू तोच, उपसर्ग तोच, पण एकीकडे अर्थ लिहायचा, एकीकडे सोडायचा, आणि निवाडा शेजारच्या पदाने केला. (‘अभिजात’ म्हटलं की २०२४ पासून आपल्याला भाषेचा दर्जाच आठवतो. तो अर्थ इथे आणू नका.)

याहून ठळक उदाहरण पहिल्या अध्यायात आहे.

कुलक्षये प्रणश्यन्ति कुलधर्माः सनातनाः ।
धर्मे नष्टे कुलं कृत्स्नमधर्मोऽभिभवत्युत ॥ (१.४०)

भू म्हणजे असणे, होणे. अकर्मक. ‘कुलं कृत्स्नम्’ हे नपुंसकलिंगी, त्यामुळे प्रथमा आणि द्वितीया दिसायला एकच. नवशिका इथे ‘सगळं कुळ अधर्म होतं’ असा अन्वय लावतो, आणि मराठीत ते वाक्य पटण्यासारखंही वाटतं. पण अभि लागला की भू सकर्मक होतो : अभिभवति म्हणजे वरचढ होतो, दडपून टाकतो. मग कर्ता अधर्म, कर्म कुळ. ‘धर्म नष्ट झाला असता अधर्म संपूर्ण कुळाला ग्रासतो.’ अनु + भू, परि + भू यांचंही तसंच, अनुभवायला आणि अपमान करायला कोणीतरी लागतं. अकर्मक धातूजवळ द्वितीया दिसली की थांबायचं आणि उपसर्गाकडे बघायचं. ही सवय लागली की निम्म्या चुका टळतात.

दुसरी खूण पदाची, म्हणजे आत्मनेपद की परस्मैपद याची. २.६५ चा दुसरा अर्ध घ्या : ‘प्रसन्नचेतसो ह्याशु बुद्धिः पर्यवतिष्ठते’. स्था चं साधं रूप तिष्ठति. इथे तिष्ठते का? पाणिनीचं सूत्र आहे ‘समवप्रविभ्यः स्थः’ (१.३.२२) : सम्, अव, प्र, वि यांच्यापुढे स्था आत्मनेपदी. यादीत परि नाही, अव आहे. म्हणून रूप बनवणारा अव, तो धातूला आधी चिकटला. ‘अवतिष्ठते’, स्थिर राहते, अशी जोडी तयार झाली आणि तिला बाहेरून परि लागला. सोडवताना उलट जायचं, बाहेरचा आधी काढायचा. आचार्यांनीही असंच सोडवलं आहे : ‘आकाशमिव परि समन्तात् अवतिष्ठते’. परि वेगळा काढून त्याला ‘समन्तात्’ हा अर्थ दिला, अव मात्र धातूतच ठेवला. तीन श्लोक मागे उपजायतेचा उप त्यांनी असा सुटा काढला नव्हता. त्याच श्लोकाच्या पहिल्या अर्धातल्या उपजायतेलाही हात लावलेला नाही. इथे मात्र काढला, कारण ‘बुद्धी स्थिर राहते’ आणि ‘बुद्धी सगळीकडून स्थिर राहते’ यांत फरक पडतो. कारिकेतला ‘विशिनष्टि’ तो हा. तुमच्या पदार्थात इथे ‘सर्व बाजूंनी स्थिर होते’ असे पूर्ण शब्द हवेत.

आता ‘बाधते’, धातूचा अर्थच फिरवणारा. याच भागात सर्वांत सुंदर उदाहरण ‘प्रसाद’ आहे, आणि मराठी माणूस हमखास इथे घसरतो, कारण आपल्या डोळ्यांपुढे पेढा येतो. धातू सद्. धातुपाठात त्याचे अर्थ दिले आहेत विशरण, गती, अवसादन. म्हणजे विस्कटणे, जाणे, खचणे. पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो ‘सीदन्ति मम गात्राणि’, माझी गात्रं गळून जाताहेत. उपसर्ग नाही, धातूचा मूळचा खचण्याचा अर्थ उघडा आहे. वि लागला की ‘विषीदन्’. तेच खचणं, पण मनाचं. इथे वि ने अर्थ मोडला नाही, शरीरातून मनात नेला. (वि चा इ आधी आल्यामुळे स चा ष झाला. प्र च्या अ नंतर होत नाही, म्हणून ‘प्रसीदति’. रूप ओळखायला याचा उपयोग होतो, विषाद आणि प्रसाद एकाच धातूचे असतील असं ऐकून कित्येक जण चकित होतात.) प्र लागला की मात्र उलटंच : प्रसीदति म्हणजे निवळतो. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी स्वच्छ होतं, हे डोळ्यांपुढे आणलं की खाली बसण्यातून स्वच्छतेचा अर्थ कसा निघतो ते कळतं. ‘प्रसादमधिगच्छति’ (२.६४) याचा पदार्थ मी ‘मनाचा निवळपणा मिळवतो’ असा लिहितो. आचार्य ‘प्रसन्नता, स्वास्थ्य’ म्हणतात. ‘प्रसन्नता’ आपल्याकडे हसऱ्या चेहऱ्याला वापरतात, म्हणून ‘निवळपणा’ मला जास्त बरा वाटतो. ‘कृपा’ लिहू नका, तो दुसऱ्या प्रसंगातला अर्थ.

तसाच घोटाळा २.५८ मध्ये. ‘यदा संहरते चायं कूर्मोऽङ्गानीव सर्वशः’. मराठीत संहार म्हणजे नाश. कासव अवयवांचा नाश करत नाही, आत ओढून घेतं. हृ म्हणजे नेणे, सम् म्हणजे एकत्र. ‘आवरून घेतो’ हा शब्द इथे अगदी बसतो. आणि चौथ्या अध्यायातलं ‘सम्भवामि युगे युगे’ : संभव म्हणजे शक्यता हे आपल्या मराठीत, तिथे ‘जन्म घेतो’. म्हणून माझा एक नियम आहे : उपसर्गासकट शब्द मराठीत जसाच्या तसा नांदत असेल तर पदार्थात तोच शब्द परत लिहायचा नाही. संहरते = संहरतो, प्रसाद = प्रसाद असं लिहिलं की आपल्याला कळलं नाही हेही आपल्याला कळत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या श्लोकाकडे. यात ‘भवति’ला उपसर्गच नाही, यानेही मागच्या तिन्हींचं वजन कळतं. काम होतो, क्रोध होतो, संमोह होतो, एकच साखळी. ‘सम्मोह’ला ‘मोह’ म्हणावं की ‘पूर्ण मोह’? यासाठी अठरावा अध्याय बघा. कृष्ण विचारतो ‘कच्चिदज्ञानसम्मोहः प्रनष्टस्ते धनञ्जय’. अर्जुन उत्तर देतो ‘नष्टो मोहः’. प्रश्नात सम् आणि प्र, उत्तरात दोन्ही गळाले. प्रश्नातला सम् खरोखर ‘पूर्ण’ आणि प्र ‘समूळ’ असता, तर अर्जुनाने निम्मंच उत्तर दिलं असं होईल. तसं कोणी म्हणत नाही. म्हणून सम्मोहाला ‘मोह, अविवेक’ पुरे. आणि तिथे लगेच पुढे ‘स्मृतिर्लब्धा’ येतं, म्हणजे २.६३ मधली साखळी उलटी सोडवली आहे. एकाच जागी दोन्ही शब्द आल्यामुळे या तुलनेवर विसंबता येतं. (तिथे काही छापील प्रतींत ‘प्रणष्टः’ दिसतं. ‘नशेः षान्तस्य’ या सूत्राने नश् च्या अंती ष आला की ण होत नाही, म्हणून प्रणश्यति पण प्रनष्ट. गटात कोणी विचारलं तर उत्तर तयार असू द्या.)

‘स्मृतिविभ्रम’ आणि लगेच ‘स्मृतिभ्रंश’. इथे वि कडे बघण्याआधी धातू बघा, कारण ते दोन आहेत. विभ्रम हा भ्रम् चा, भटकण्याचा, एका जागी न राहण्याचा. भ्रंश हा भ्रंश् चा, खाली पडण्याचा. विभ्रम म्हणजे ‘विशेष भ्रंश’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे, ते चूक. आचार्य ‘विभ्रमो भ्रंशः’ म्हणतात, पण ते श्लोकातली पुढची पंचमी जुळवण्यासाठी. साखळीत एका कडीचं नाव पुढच्या कडीत तेच यायला हवं, आणि इथे कवीने शब्द बदलला आहे. पदार्थात ‘विभ्रम = भरकटणे’, ‘भ्रंश = ढळणे’ असं वेगळं लिहा आणि दोन्ही एकच अवस्था सांगतात अशी टीप द्या.

शेवटचं ‘प्रणश्यति’. इथे प्र ला ‘समूळ’ लिहायचा मोह होतो. वर बघितलंच की १८.७२ मध्ये तो तसा भक्कम नाही. आणि सहाव्या अध्यायात ‘तस्याहं न प्रणश्यामि स च मे न प्रणश्यति’ (६.३०) आहे. देव समूळ नष्ट होण्याचा प्रश्नच नाही. आचार्य तिथे ‘न परोक्षतां गमिष्यामि’ म्हणतात, मी त्याच्या दृष्टीआड होत नाही. हा अर्थ प्र मुळे वळला असं वाटतं, पण नाही : धातुपाठात नश् चा अर्थच ‘अदर्शने’, न दिसणे, असा दिला आहे. आपण मराठीतला ‘नाश’ धरून बसतो म्हणून उपसर्गाला श्रेय देतो. २.६३ मध्ये अर्थ सरळ आहे, पण कर्ता लिहिलेला नाही. तो वरच्या ‘पुंसः’वरून घ्यायचा, ‘तो पुरुष’. तुमच्या पदार्थात प्र पेक्षा या कर्त्याची उणीव भरणं महत्त्वाचं.

मी असा लिहीन :

विषयान् ध्यायतः पुंसः = विषयांचं चिंतन करणाऱ्या माणसाचा; तेषु = त्या विषयांमध्ये; सङ्गः उपजायते (उप + जन्) = संग उत्पन्न होतो. सङ्गात् कामः सञ्जायते (सम् + जन्) = संगापासून इच्छा उत्पन्न होते. कामात् क्रोधः अभिजायते (अभि + जन्) = [अडलेल्या] इच्छेपासून क्रोध उत्पन्न होतो. क्रोधात् सम्मोहः भवति = क्रोधापासून अविवेक होतो. सम्मोहात् स्मृतिविभ्रमः = अविवेकापासून स्मृती भरकटते. स्मृतिभ्रंशात् बुद्धिनाशः = स्मृती ढळल्यामुळे बुद्धीचा नाश होतो. बुद्धिनाशात् प्रणश्यति (प्र + नश्) = बुद्धिनाशामुळे [तो माणूस] नाश पावतो.

चौकटी कंसात मी घातलेले शब्द, गोल कंसात फोड. उपसर्ग फोडीत दिसतो, त्यामुळे वाचणाऱ्याला तो गायब झाला असं वाटत नाही, आणि अर्थात खोटं वजनही येत नाही.

कोश बघताना एक अडचण येईल ती आत्ताच सांगतो. आपट्यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘उपजायते’ शोधायला उ काढलात तर क्रियापद मिळणार नाही. सोपसर्ग क्रियापदं तिथे धातूखाली, जन् च्या नोंदीच्या शेवटी, उपसर्गांच्या क्रमाने दिली आहेत. मोनियर-विल्यम्समध्ये मात्र उप-जन् अशी वेगळी नोंद असते. आणि भूतकाळाचं रूप असेल तर उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये अ शिरतो : उपाजायत, अभ्यभवत्, पर्यवातिष्ठत. तो अ ओळखून काढला नाही तर ‘उपा’, ‘अभ्य’ असले नसलेले उपसर्ग शोधत बसाल.